घर जयसिंगपुरात, नाव वाकडच्या यादीत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, त्यांना मी मतदार यादीचे कागद काखेत मारून गल्लोगल्ली फिरताना पाहिलं आहे. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं. गुरुजी उंबऱ्यावर उभे राहायचे आणि विचारायचे, ''घरात कोण कोण राहतं?'' कोण कोण आहे, असं नाही विचारायचे. कोण कोण राहतं, असं विचारायचे. या एका क्रियापदात मतदार नोंदणीचा सगळा कायदा आहे, हे मला पुढे तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत नोकरी करताना कळलं. आज त्या 'राहतं' या शब्दावरच बोलणार आहे.

सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो. माझी एक भाची आहे. वाढली इथं, जयसिंगपुरात. शिक्षण सांगलीत झालं, नोकरी पुण्यात हिंजवडीला लागली आणि ती वाकडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहू लागली. अठरा वर्षांची झाली तेव्हा तिचं नाव इथल्याच यादीत घातलेलं होतं, म्हणजे २८० शिरोळ विधानसभा मतदारसंघात. पुण्यात तीन वर्षं काढल्यावर तिला वाटलं, आता आपण इथलेच. नाव इथं घ्यावं. एका रात्री तिनं मोबाइलवर अर्ज भरायला घेतला आणि मला फोन केला.

''मामा, यात पुणे नावाचा मतदारसंघच नाहीये.''

खरंच नाही. पुणे जिल्ह्यात विधानसभेचे २१ मतदारसंघ आहेत आणि त्यांतल्या एकाचंही नाव नुसतं 'पुणे' असं नाही. यादीत जुन्नर आहे, कोथरूड आहे, पर्वती आहे, कसबा पेठ आहे. वाकड नाही आणि हिंजवडीही नाही. मी तेव्हा लग्नघरी होतो, म्हणालो, उद्या बघू. तिनं उद्याची वाट पाहिली नाही. मैत्रीण म्हणाली, हिंजवडी भोरमध्ये येतं. ऑफिस हिंजवडीत, घराचा पिनकोड ४११०५७, हिंजवडीचाही तोच. मग काय, भोर. तिनं २०३ भोर निवडलं आणि अर्ज पाठवून दिला.

या एका अर्जात दोन चुका होत्या. एक मतदारसंघाची आणि दुसरी फॉर्मची. दोन्ही इतक्या सर्रास होतात की त्या सावकाश उलगडून दाखवतो.

आधी मतदारसंघ. हिंजवडी भोरमध्ये येतं ही मैत्रिणीची माहिती बरोबर होती. मुळशी तालुक्यातली गावं भोर मतदारसंघात आहेत, आणि भोर हा बारामती लोकसभेचा भाग. पण वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि ते २०५ चिंचवड विधानसभेत येतं. चिंचवड जोडलेलं आहे मावळ लोकसभेला, ज्यात घाटाखालचे पनवेल, कर्जत आणि उरणही येतात. म्हणजे वाकडचा मतदार खासदार निवडताना उरणच्या मतदाराबरोबर असतो आणि शेजारच्या हिंजवडीचा मतदार बारामतीच्या. एवढ्यावर थांबत नाही. वाकडहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडी लागते. ती २१० कोथरूडमध्ये, म्हणजे पुणे लोकसभेत. पायी फिरता येईल एवढ्या टापूत तीन विधानसभा आणि तीन लोकसभा. भाडेकरू अकरा महिन्यांनी घर बदलतो, तेव्हा दोन किलोमीटर सरकताना तो खासदारही बदलत असतो, आणि हे त्याच्या गावीही नसतं.

असं का होतं? आजचे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतले आहेत आणि ती रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. सीमा आखल्या गेल्या त्या तेव्हाचे प्रभाग, महसूल मंडळं आणि गावं धरून. त्यानंतर शहर वाढलं, महापालिकेच्या हद्दी वाढल्या. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत एका फटक्यात २३ गावं आली. पण महापालिकेची हद्द सरकली म्हणून विधानसभेची हद्द सरकत नाही. गाव शहरात गेलं तरी मतदारसंघ जुनाच राहतो. त्यामुळे 'मी महापालिकेला घरपट्टी भरतो, मग माझा मतदारसंघ शहरातलाच असणार' हा हिशेब चुकतो. पिनकोडचा हिशेबही चुकतो, कारण पिनकोड टपाल वाटपासाठी आहे. पोस्टमनच्या सायकलीचा आणि आमदाराचा काही संबंध नाही.

आपल्याकडेही हीच गंमत आहे, फक्त सवयीमुळे जाणवत नाही. उदगावच्या पुलावरून कृष्णा ओलांडली की सांगली. जयसिंगपूरचा माणूस तिथं राहायला गेला तर त्याचा जिल्हा बदलतो, विधानसभा २८२ होते आणि लोकसभा हातकणंगलेची सांगली होते. पण तोच माणूस सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला गेला, तर जिल्हा बदलूनही लोकसभा हातकणंगलेच राहते, कारण इस्लामपूर आणि शिराळा हे दोन मतदारसंघ हातकणंगलेला जोडलेले आहेत. अर्जात आधी राज्य, मग जिल्हा, मग विधानसभा असा क्रम असतो. जिल्हा हा प्रशासनाचा, लोकसभा ही वेगळीच जुळणी. लोकसभेच्या नावावरून जिल्हा ओळखायला गेलात तर फसाल.

मग अचूक मतदारसंघ शोधायचा कसा? मी तीस वर्षांच्या नोकरीनंतर एकच युक्ती सांगतो आणि ती अगदी गावठी आहे. घरमालकाला विचारा. घरमालक दुसरीकडे राहत असेल तर त्याच इमारतीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या शेजाऱ्याला विचारा. त्यांनी परवानगी दिली तर त्यांच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक electoralsearch.eci.gov.in या ठिकाणी टाका. त्यांच्या नावासमोर विधानसभेचा क्रमांक आणि नाव येतं, यादी भाग क्रमांक येतो, मतदान केंद्राचं नाव येतं. तुमच्या इमारतीचा मतदारसंघ तोच. नकाशे, अंदाज, ऑफिसातल्या माणसांचं मत यांपेक्षा शेजारणीचं कार्ड जास्त भरवशाचं. अगदीच कोणी ओळखीचं नसेल तर १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पत्ता सांगून विचारता येतं.

आता दुसरी चूक, फॉर्मची. भाचीनं भरला होता सहा नंबरचा फॉर्म. सहा नंबर हा पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. पूर्वी एका मतदारसंघातून दुसऱ्यात जातानाही सहा नंबरच भरावा लागायचा, त्यामुळे आपल्या पिढीच्या डोक्यात तेच बसलं आहे आणि आपण मुलांनाही तेच सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये हे बदललं. तेव्हापासून घर बदललं, मग ते मतदारसंघाच्या आत असो की बाहेर, फॉर्म आठ नंबरचा. नावातली दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, तेही आठ नंबरमध्येच. सात नंबर नाव वगळण्यासाठी.

फरक नुसत्या आकड्याचा नाही. सहा नंबरमध्ये तुम्ही लिहून देता की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाही. भाचीचं नाव शिरोळमध्ये होतं. म्हणजे खाली तिनं जे मान्य केलं ते खोटं ठरत होतं. मुद्दाम नव्हे, न वाचता. पण लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ मध्ये खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं लिहिलेलं आहे, आणि ते मुद्दाम नव्हतं, नकळत झालं, हे सिद्ध करण्याची भानगड कशाला ओढवून घ्यायची? त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं की एका माणसाचं नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असू नये. कलम १८ सांगतं की एका मतदारसंघातही दोनदा असू नये.

नाव दोन ठिकाणी असलं आणि मत एकाच ठिकाणी दिलं तर काय बिघडतं, असं लोक विचारतात. २०२४ च्या लोकसभेला हातकणंगलेचं मतदान ७ मे रोजी होतं आणि मावळचं १३ मे रोजी. म्हणजे सहा दिवसांचं अंतर. दोन्हीकडे नाव असलेल्या माणसाला शाई सोडली तर अडवणारं काही नव्हतं. कायद्यानं मात्र याचा विचार करून ठेवला आहे. १९५१ च्या कायद्यातलं कलम ६२ म्हणतं, सार्वत्रिक निवडणुकीत एकाहून अधिक मतदारसंघांत मत दिलं तर सगळीच मतं रद्द. एक टिकेल, दुसरं जाईल, असं नाही. २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आल्या तेव्हा आपल्या राज्यात 'दुबार मतदार' हा शब्द घराघरांत पोहोचला. राज्य निवडणूक आयोगानं अशा संशयित नावांपुढे दोन चांदण्या छापायला सांगितल्या आणि कुठल्या एका केंद्रावर मत देणार ते अशा मतदाराकडून लिहून घ्यायचं ठरलं. नावापुढे दोन चांदण्या हे पोलीस खात्यात मानाचं असेल, मतदार यादीत नाही.

भाचीचा अर्ज नामंजूर झाला. भोरकडच्या बीएलओनं तिला फोन करून सांगितलं, ताई, हा पत्ता माझ्या भागातच येत नाही. मी तिला म्हणालो, तुझी एक चूक दुसऱ्या चुकीनं वाचवली. मतदारसंघ बरोबर टाकला असतास तर कदाचित नाव लागलंही असतं, आणि तू दोन याद्यांत राहिली असतीस.

मग एका रविवारी आम्ही दोघं फोनवर बसलो आणि आठ नंबर भरला. तो कसा भरला ते सांगतो. voters.eci.gov.in उघडायचं. मोबाइल क्रमांकावरून खातं तयार करायचं, ओटीपी येतो. आत गेल्यावर आठ नंबरचा फॉर्म निवडला की तो विचारतो, अर्ज स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी. स्वतःसाठी म्हटलं, ओळखपत्राचा क्रमांक टाकला, की पडद्यावर तिचं शिरोळच्या यादीतलं नाव आलं. इथं थांबून नाव नीट वाचायचं. ते आपलंच आहे ना, वडिलांचं नाव बरोबर आहे ना. मग चार पर्याय येतात, त्यात Shifting of Residence. ते निवडलं की लगेच पुढचा प्रश्न: Within Assembly Constituency की Outside Assembly Constituency. सगळा अर्ज या एका टिचकीवर उभा आहे. शिरोळहून चिंचवडला म्हणजे बाहेर. उद्या ती वाकडमधून थेरगावला गेली तर आत, कारण दोन्ही चिंचवडमध्येच. बालेवाडीला गेली तर पुन्हा बाहेर.

त्यानंतर जिल्हा आणि मतदारसंघ निवडताना तो नव्या पत्त्याचा निवडायचा. इथं बरेच जण जुना निवडतात, कारण कार्ड जुन्या गावचं हातात असतं आणि बोट सवयीनं कोल्हापूरवर जातं. मग नवा पत्ता, आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. फोटो किंवा पीडीएफ, दोन एमबीच्या आत.

पुराव्याशी आमचं घोडं अडलं. चालतं काय, तर त्या पत्त्याचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार, घर स्वतःचं असेल तर नोंदणीकृत खरेदीखत. भाचीचं वीजबिल घरमालकाच्या नावावर. आधारवर जयसिंगपूर. भाडेकरार होता, नोंदवलेलाही होता, पण तिघींपैकी एकीच्याच नावावर. पुण्यात अशी शेकडो घरं आहेत. कराराचे पैसे वाचवायला एकीचं नाव, बाकीच्या पाहुण्या. नोटरीकडचा स्टँप असलेला करार लोक घेऊन येतात. तो नोंदणीकृत नव्हे, त्याचा इथं उपयोग नाही. आम्ही शेवटी बँकेत वाकडचा पत्ता बदलून घेतला आणि नवं पासबुक छापून आणलं. त्यात दोन आठवडे गेले. कागद नसेल तर अर्ज होतच नाही असं नाही. बीएलओनं प्रत्यक्ष येऊन खात्री करणं मग अटळ ठरतं. पण जिथं दिवसभर दाराला कुलूप असतं, तिथं कागद असलेला बरा.

आणखी एक बारीक गोष्ट. इंग्रजीत नाव टाकलं की यंत्र त्याचं मराठी आपोआप करतं. आपल्या भागातली आडनावं त्याला झेपत नाहीत. ओळखीच्या एका मगदूम कुटुंबातला मुलगा यादीत 'मॅगडम' होऊन बसला होता. मराठी रकान्यात स्वतः टाइप करून दुरुस्त करता येतं, पण ते पाठवण्याआधी, पूर्ण अर्ज एकदा दाखवला जातो तेव्हा. पाठवल्यानंतर एक संदर्भ क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. पुढे अर्ज कुठपर्यंत आला ते त्याच क्रमांकावरून दिसतं: बीएलओकडे गेला, पडताळणी झाली, मंजूर झाला. हरकतींसाठी किमान सात दिवस अर्ज जाहीर ठेवावा लागतो, त्यामुळे आज भरला आणि उद्या नाव आलं असं होत नाही.

बीएलओ म्हणजे बहुधा जवळच्या शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई किंवा पालिकेतला कर्मचारी. स्वतःचं काम संपवून ते संध्याकाळी तुमचं दार शोधत असतात. अनोळखी नंबर म्हणून फोन उचलला नाही, वॉचमननं 'अशा नावाचं कोणी नाही' असं सांगितलं, तर अहवालात 'आढळून आले नाही' असं जातं आणि अर्ज पडतो. भाचीला मी दोन कामं सांगितली. वॉचमनला नाव सांगून ठेव, आणि महिनाभर कुठलाही फोन उचल. कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे बरेच आले म्हणे, त्यात एक बीएलओ बाईंचाही होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तिनं नाव हलवावंच का? माझी बहीण, म्हणजे तिची आई, नाखूश होती. ''आपलं घर इथं आहे, मत इथंच असू दे. नगरपालिकेला कोण आपल्या गल्लीचं बघणार?'' तिचं म्हणणं वरवरचं नव्हतं. राज्य निवडणूक आयोग नगरपालिकेसाठी वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे वाटतो. त्यामुळे शिरोळच्या यादीतून नाव गेलं की जयसिंगपूर नगरपालिकेचं मतही गेलं. लोकसभेला कुठूनही मत द्यावं, पण नळाच्या पाण्याला गावातूनच, अशी सोय नाही. गावाकडच्या यादीला लोक चिकटून राहतात ते खरं तर यासाठी. आमदार-खासदारांपेक्षा नगरसेवक आणि सरपंच यांचा मोह जास्त.

पण कायदा घर कुणाचं हे विचारत नाही. १९५० च्या कायद्यातल्या कलम १९ ची अट आहे, त्या मतदारसंघात 'सर्वसाधारणपणे रहिवासी' असणं. आणि कलम २० पहिल्याच वाक्यात सांगतं, केवळ घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. सातबारा, घरपट्टीची पावती, वडिलांनी बांधलेला बंगला यांतलं काहीही पुरत नाही. हा प्रश्न फार मोठ्या माणसालाही चुकला नाही. मनमोहन सिंग आसाममधून राज्यसभेवर होते आणि त्यांचं नाव दिसपूरच्या यादीत होतं. त्यावरून वाद गुवाहाटी उच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं १९९९ मध्ये जो अर्थ लावला त्याचा आशय असा, की वास्तव्य सवयीचं, ठरलेल्या हेतूचं आणि कायम स्वरूपाचं हवं, येता-जाता केलेलं नको.

दुसरी बाजूही त्याच कलमात आहे. तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी राहतोच. याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शिरोळ तालुक्याच्या फडात दर हिवाळ्यात दिसतं. बीडकडून ऊसतोडीला आलेली जोडपी पाच-सहा महिने इथं कोपीत राहतात. त्यांचं नाव इथं येत नाही, यायलाही नको. हंगाम संपला की ती परत जाणार, मुलंबाळं आणि म्हातारी माणसं तिकडे. ती बीडचीच मतदार. अडचण एवढीच की २० नोव्हेंबर २०२४ सारखं मतदान हंगामाच्या तोंडाशी आलं की नाव बीडमध्ये आणि माणूस कोयता घेऊन इथं. जिथं आहे तिथून गावचं मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं २०२२ च्या अखेरीस एक यंत्र पुढे आणलं होतं, एकावर ७२ मतदारसंघ चालतील असं. राजकीय पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथंच राहिलं. माझ्या मते ते तिथं राहायला नको होतं, पण आज हा विषय नाही.

मग तात्पुरतं कुठं संपतं आणि कायमचं कुठं सुरू होतं? आकडा कायद्यात नाही. निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्यानं सगळी परिस्थिती बघून घ्यायचा, एवढंच लिहिलं आहे. मी शाखेत असताना लोकांना गुरुजींच्याच पद्धतीनं विचारायचो. रात्री कुठं झोपता? आजारी पडलात तर कुठल्या डॉक्टरकडे जाता? गणपतीला येता तेव्हा परतीचं तिकीट काढून येता का? परतीचं तिकीट असेल तर तुम्ही इथं पाहुणे.

विद्यार्थ्यांना मात्र निवड दिली आहे. वसतिगृहात राहून किमान वर्षभराचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करणारा मुलगा आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर घेऊ शकतो. तिथं घ्यायचं तर प्राचार्यांचा बोनाफाईड दाखला लागतो. सैनिकांची सोय वेगळी आहे, त्यांचं नाव मूळ गावच्या सेवा मतदारांत राहतं. आणि परदेशातल्यांची तर मोठीच मौज आहे. २०१० च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम २०अ प्रमाणे, तिकडचं नागरिकत्व न घेतलेला भारतीय सहा-अ नंबरचा फॉर्म भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. म्हणजे दुबईत राहणारा जयसिंगपूरकर कायद्यानं जयसिंगपूरचा मतदार, आणि वाकडमध्ये राहणारा नाही. दुबईकराला मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ''म्हणजे गाव सुटलंच की.'' मी तिला म्हटलं, हे गाव शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडिलांच्या नावानं वसवलं. सरळ रेघा मारल्या, गल्ल्यांना नंबर दिले, बाजारपेठ उभी राहावी म्हणून बाहेरून व्यापारी बोलावले. आपला आजोबा इथला होता का? तो आला आणि राहिला, म्हणून आपण इथले. तिला हे पटलं नाही. मलाही पूर्ण पटत नाही, खरं सांगायचं तर. पण गावच्या यादीत नुसतं पडून राहिलेलं नाव सुरक्षित असतं असंही नाही. बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली, आणि त्यात मोठा गट कायमचं स्थलांतर केलेल्या किंवा घरी न सापडलेल्यांचा होता. नाव आपण हलवलं तर दुसरीकडे लागतं. दुसऱ्यानं काढलं तर नुसतंच जातं.

मुदतीचं एक सांगून पुढे जातो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की निवडणूक होईपर्यंत यादीत नाव घालता वा हलवता येत नाही. अर्जावरची प्रक्रिया पुरी व्हायला हवी म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दहा दिवस आधीच अर्ज जावा लागतो. २०२४ च्या विधानसभेला निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला आणि नोंदणीची मुदत होती १९ पर्यंत. म्हणजे घोषणा ऐकून जागे झालेल्यांच्या हातात चार दिवस. स्थानिक निवडणुकांना तर यादी आधीच्याच एका तारखेची धरतात; २०२५ ला १ जुलैची धरली होती. दसऱ्याला केलेल्या अर्जाचा डिसेंबरच्या मतदानाला उपयोग नव्हता.

अर्ज नामंजूर झाला आणि कारण पटलं नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, पंधरा दिवसांत. मंजूर झाला तर दोन गोष्टी तपासायच्या. नव्या यादीत नाव आलं का, आणि जुन्या यादीतून गेलं का. आठ नंबरमध्ये हे दुसरं काम यंत्रणेनं करायचं असतं. राहिलंच तर जुन्या जागी स्वतःच सात नंबर भरून नाव काढून घ्यायचं. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, त्यावरून शोधलं की एकच ओळ यायला हवी.

भाचीची एकच ओळ आली. २०५ चिंचवड. केंद्र वाकडमधली एक शाळा, तिच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकी लांब.

आणि मग यादीची नवी पुरवणी लागली तेव्हा बहिणीचा फोन आला. गल्लीतल्या कुणीतरी तिला यादीचं पान मोबाइलवर पाठवलं होतं. वगळलेल्या नावांच्या आधी एकेक इंग्रजी अक्षर असतं. E म्हणजे मयत, R म्हणजे दुबार, M म्हणजे न सापडलेला. शेजारच्या आजोबांच्या नावाआधी E होतं, ते तिला कळलं होतं.

''आणि पोरीच्या नावाआधी S लिहिलंय, ते काय?''

''स्थलांतर,'' मी म्हणालो.

''बरं,'' ती म्हणाली. ''मला वाटलं सासरी.''